पंचाचा आडवा हात

क्रिकेटची मराठी परिभाषा घडत गेली तेव्हा दोन शब्द त्या घडणीतून निसटले. ओव्हरचे षटक झाले, विकेटकीपरचा यष्टिरक्षक झाला, बोल्डला त्रिफळाचीत आणि एलबीडब्ल्यूला पायचीत असे प्रतिशब्द मिळाले. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांच्या आकाशवाणीवरील धावत्या वर्णनातून ही भाषा, ज्या घरांनी मैदान कधी पाहिले नव्हते त्या घरांतही रुळली. नो-बॉल आणि वाइड मात्र जसेच्या तसे राहिले. त्याचे कारण मला असे वाटते की हे शब्द वर्णनाचे नाहीत, ते पुकाराचे आहेत. बाद होण्याचे प्रकार आपण घटना घडून गेल्यावर सांगतो. नो-बॉल हा शब्द घटना चालू असतानाच पंचाच्या तोंडून बाहेर पडतो आणि तो पडताक्षणी खेळाची स्थिती बदलते. फलंदाजाला तो ऐकून फटक्याचा निर्णय बदलण्याची कधीकधी सवडही मिळते. न्यायाधीशाचा ‘दोषी’ हा शब्द किंवा लग्नातला ‘सावधान’ हा शब्द ज्या जातीचा, त्याच जातीचा हा शब्द आहे, आणि अशा शब्दांचे भाषांतर करायला सहसा कोणी धजत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पुण्याच्या उपनगरातील काही गृहसंस्थांनी मिळून बारा वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा ठरवली. आठ षटकांचे सामने, टेनिसचा चेंडू, अठरा यार्डांची खेळपट्टी. आमच्या संस्थेच्या संघातील अकरा जणांपैकी कोणीही याआधी पंच असलेला सामना खेळलेले नव्हते. नियमपत्रिकेत सोळा कलमे होती. त्यांतले नववे असे होते : ‘नो-बॉल, वाइड व फ्री हिट आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे.’ पंधरा कलमे मुलांनी आपापसांत वाचून घेतली. नवव्याचा अर्थ सांगण्यासाठी ती माझ्याकडे आली, कारण संस्थेत ‘डॉक्टर’ म्हणवले जाणारे पण औषध न देणारे आजोबा मी एकटाच आहे आणि जाड पुस्तके वाचतो अशी माझी ख्याती आहे. क्रिकेटच्या कायद्यांचे पुस्तकही मी वाचतो ही गोष्ट खरीच आहे. उत्तम गद्याचा तो एक नमुना आहे. क्रियापदांच्या काळाबद्दल इतका दक्ष असलेला मजकूर मी साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच पाहिला आहे.

मुलांना या तिन्ही गोष्टी ठाऊक होत्या आणि मुळीच ठाऊक नव्हत्या. खुणा त्यांना पाठ होत्या. एक हात आडवा म्हणजे नो-बॉल, दोन्ही हात आडवे म्हणजे वाइड, डोक्यावर एक हात गोल फिरवला की फ्री हिट. पण “नो-बॉल कशाला म्हणायचं?” असे विचारल्यावर अकरा उत्तरे आली आणि त्यांतली नऊ “पाय पुढे गेला की” अशी होती. कशाच्या पुढे, कोणता पाय आणि केव्हा, हे तीन प्रश्न मी त्या उत्तराला जोडले आणि आम्ही वाहनतळातल्या फरशीवर गेलो.

फलंदाज जिथे उभा राहतो ती क्रीझ आणि गोलंदाजाच्या पावलाची मर्यादा ठरवणारी क्रीझ या एकाच प्रकारच्या रेघा आहेत, खेळपट्टीच्या दोन टोकांना. तिला पॉपिंग क्रीझ म्हणतात. यष्ट्या जिच्यावर रोवलेल्या असतात त्या रेघेपासून ती चार फूट पुढे असते. आम्ही खडूने दोन्ही रेघा आखल्या. एका मुलाने विचारले, “आजोबा, रेघ कोणाची? गोलंदाजाची की पंचाची?” हा प्रश्न फार नेमका होता. खडूच्या रेघेला जाडी असते, आणि कायद्याच्या दृष्टीने क्रीझ म्हणजे त्या जाडीची यष्ट्यांकडची कड. गोलंदाजाच्या पुढच्या पावलाचा काही तरी भाग त्या कडेच्या मागे हवा. टाच नुसती रेघेवर पडली तर ती मागे नाही. फक्कीची रेघ सगळी पंचाची आहे, असे मी सांगितले आणि ते मुलांच्या लगेच लक्षात राहिले.

मग मी बादलीभर पाणी आणवले. ज्यांना गोलंदाजी करायची होती त्यांनी उजवा किंवा डावा, जो पाय पुढे पडतो त्या पायाचा तळवा भिजवून, धावत येऊन चेंडू टाकायचा आणि सगळ्यांनी मिळून ओला ठसा पाहायचा. पंचांच्या शाळेत असा काही प्रयोग करतात की नाही मला ठाऊक नाही, परंतु त्याने जे दाखवले ते शब्दांनी दाखवता आले नसते. पहिल्याच मुलाचा ठसा रेघेच्या पुढे वीतभर लांबलेला होता. “नो-बॉल!” असा ओरडा झाला. मी त्यांना ठसा नीट बघायला सांगितला. टाचेकडची बाजू ठळक होती, ती कडेच्या मागे होती, आणि पुढे नुसती फरपट होती. पाऊल पडले मागे आणि घसरत गेले पुढे. कायदा पाऊल टेकते त्या क्षणाबद्दल बोलतो. नंतर ते घसरून कुठे गेले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हा चेंडू चांगला होता.

दुसऱ्या मुलीच्या ठशाने प्रयोगाची मर्यादाही दाखवली. ती चवड्यावर उतरते. ठसा फक्त बोटांचा आणि चवड्याचा होता आणि तो सगळा रेघेच्या पुढे होता. टाच फरशीला लागलीच नव्हती. आता काय करावे? कायदा म्हणतो, पावलाचा भाग टेकलेला असो की उचललेला, तो कडेच्या मागे असला तर पुरे. म्हणजे हवेत असलेली टाच जर कडेच्या मागच्या जागेवर असेल, तर चेंडू चांगला. पाणी हे सांगू शकत नाही. ते बाजूने वाकून पाहणाऱ्याच्या डोळ्यालाच दिसते. मोठ्या सामन्यांत 2020 पासून तिसरा पंच पुढच्या पायाचे चित्रण पाहून हा निर्णय देऊ लागला, तो याचसाठी. मैदानावरच्या पंचाला पाऊल, चेंडू आणि फलंदाज असे तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी पाहावे लागते. आमच्या स्पर्धेत तिसरा पंच नव्हता, आणि दुसरा पंचही एका कनिष्ठ महाविद्यालयातला विद्यार्थी होता. “शंका आली तर पंच काय करतो?” असे मुलांनी विचारले. पाऊल चुकले अशी त्याची खात्री झाली नाही तर तो गप्प राहतो. चेंडू चांगला ठरण्यासाठी त्याला काही पुकारावे लागत नाही.

मागच्या पावलाबद्दल मी थोडक्यात सांगितले. ते बाजूच्या रिटर्न क्रीझच्या आत पडले पाहिजे, तिला स्पर्शही न करता. म्हणजे पुढच्या पावलाला कडेच्या मागे थोडा भाग पुरतो, मागच्याला मात्र रेघ शिवणेही माफ नाही. लहान मुले क्वचितच इतक्या बाहेरून टाकतात, म्हणून आम्ही तिथे रेंगाळलो नाही.

लहान मुलांच्या दृष्टीने नो-बॉलची दोन इतर कारणे पावलापेक्षा अधिक महत्त्वाची आहेत, आणि गंमत अशी की त्या अकरांतल्या एकालाही ती सुचली नव्हती. एक, टप्पा न पडता कमरेच्या वरून जाणारा चेंडू. येथे कमर मोजायची ती फलंदाज पॉपिंग क्रीझवर ताठ उभा आहे असे धरून. तो वाकलेला असेल, उडी मारत असेल किंवा दोन पावले पुढे आलेला असेल, तरी मोजमाप त्याच ताठ उभ्या माणसाचे. दुसरे कारण, फलंदाजाच्या क्रीझपर्यंत पोचण्याआधी एकापेक्षा जास्त वेळा टप्पा पडलेला चेंडू. 2017 पूर्वीच्या कायद्यात दोन टप्पे चालत असत. त्या वर्षी आलेल्या नव्या संहितेने एकच टप्पा मान्य केला. दहा वर्षांच्या मुलाच्या हातातून अठरा यार्डांवर चेंडू दोन टप्प्यांत पोचणे ही नित्याची गोष्ट आहे. मोठ्यांना ज्या कलमाची आठवण वर्षातून एकदा होते, ते या मुलांना षटकातून एकदा भेटणार होते. काही स्पर्धा मुलांसाठी हे कलम सैल करतात. आमच्या नियमपत्रिकेचे नववे कलम ते करत नव्हते. आमच्या संघातल्या एका लहानशा मुलाने त्यानंतर दोन दिवस केवळ चेंडू उंच उडवून टाकण्याचा सराव केला, त्यामुळे तो कमरेवरच्या कलमात जाऊन अडकला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने दोन पावले कमी धावून, शांतपणे, मधला मार्ग शोधून काढला.

वाइडकडे आलो तेव्हा मुलांना वाटले, हे सोपे आहे. मला उलट वाटते. नो-बॉलच्या बहुतेक कारणांना रेघ आहे, संख्या आहे किंवा शरीराचा एखादा भाग आहे. वाइड ही पंचाच्या अंदाजाची बाब आहे. फलंदाजाला नेहमीच्या फटक्याने चेंडूपर्यंत बॅट पोचवता येणार नाही इतका तो दूरून गेला, तर तो वाइड. कायद्यात कोणतीही रेघ नाही. दूरदर्शनवर ऑफच्या बाजूला जी रेघ दिसते ती मर्यादित षटकांच्या सामन्यांत पंचाच्या सोयीसाठी आखलेली असते, रिटर्न क्रीझच्या सतरा इंच आत. पंचांनी एकसारखा निर्णय द्यावा एवढाच तिचा हेतू आहे.

स्पर्धेच्या मैदानावर आयोजकांनी ही रेघ मोठ्यांच्याच मापाने आखली होती. आमच्या संघातल्या सगळ्यांत लहान फलंदाजाला, ज्याच्या हातात चार नंबरची बॅट होती, मी तिथे नेऊन उभे केले आणि न पडता जितके वाकता येईल तितके वाकून रेघेवर बॅट टेकवायला सांगितली. बॅटचे टोक रेघेच्या वीतभर अलीकडे थांबले. म्हणजे त्या मुलाच्या बाबतीत, रेघेच्या आतून जाणारा पण त्याच्या आवाक्याबाहेरचा असा एक वीतभर रुंदीचा पट्टा होता, आणि तिथून गेलेला प्रत्येक चेंडू रेघ पाहणारा पंच चांगला म्हणणार होता. व्याख्येचा शब्द ‘आवाका’ आहे, आणि आवाका ज्याचा त्याचा असतो. आम्ही ही गोष्ट आयोजकांना दाखवली. त्यांनी फक्की मागवून रेघ वीतभर आत घेतली. पहिल्या रेघेचा पुसट पांढरा पट्टा शेवटच्या दिवसापर्यंत तिथे दिसत होता आणि त्यावरून दोन वादही झाले.

“पण मग फलंदाज मुद्दाम लांब सरकला तर?” हा प्रश्न यष्टिरक्षण करणाऱ्या मुलीने विचारला. यष्टिरक्षकांना असे प्रश्न सुचतात. तो स्वतः सरकल्यामुळे चेंडू त्याच्यापासून दूर गेला, तर तो वाइड नाही. पंच त्याच्या नेहमीच्या उभे राहण्याच्या जागेचाही विचार करतो. उलट, चेंडू बाहेरचा असूनही फलंदाज पुढे झेपावून तो आवाक्यात आणतो, तरीही तो वाइड नाही. आणि बॅटला किंवा अंगाला जरासा स्पर्श झाला, तर वाइडचा प्रश्नच मिटतो. म्हणूनच वाइडचा पुकार उशिरा येतो. नो-बॉल पाऊल पडताच पुकारता येतो, वाइडसाठी चेंडू फलंदाजाच्या यष्ट्यांच्या पलीकडे जाईपर्यंत पंचाला थांबावे लागते. एकच चेंडू दोन्ही ठरत असेल तर तो नो-बॉलच धरला जातो.

त्या मुलीच्या कामाची आणखी एक गोष्ट होती आणि ती मी तिला बाजूला घेऊन सांगितली, कारण प्रतिस्पर्ध्यांच्या संघातली दोन मुले कठड्यावर बसून ऐकत होती. नो-बॉलवर यष्टिचीत करता येत नाही, वाइडवर येते. चेंडू बाहेर गेला, फलंदाज पुढे आला, त्याची बॅट पोचली नाही, तर पंचाचे दोन्ही हात आडवे होणार म्हणून तिने थांबायचे नाही. बेल्स उडवायच्या. वाइडची एक धाव समोरच्यांना मिळेल आणि फलंदाजही जाईल. तिने पहिल्याच सामन्यात तसे केले. फलंदाज आणि त्याचे पालक दोघेही बराच वेळ पंचाशी बोलत उभे राहिले, परंतु तिचे बरोबर होते.

फ्री हिट या दोघांहून निराळी आहे, आणि ती कशी निराळी आहे हे मोठ्या माणसांनाही बहुधा ठाऊक नसते. क्रिकेटच्या कायद्यांच्या पुस्तकात फ्री हिट नाहीच. कायदे मेरिलबोन क्रिकेट क्लबचे. स्पर्धा भरवणारी संस्था त्यांच्यावर आपल्या खेळाच्या अटी रचते, आणि फ्री हिट त्या अटींत राहते. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती 2007 मध्ये आली, तेव्हा फक्त पाऊल चुकल्याबद्दलच्या नो-बॉलनंतर मिळत असे. 2015 पासून ती सर्व प्रकारच्या नो-बॉलनंतर मिळू लागली. कसोटी सामन्यात ती आजही नाही. म्हणून कोणत्याही स्पर्धेत पहिले काम हे, की नियमपत्रिकेत ती आहे का आणि कोणत्या नो-बॉलनंतर आहे हे वाचणे. आमच्या नवव्या कलमाने आंतरराष्ट्रीय नियमांचा हवाला दिला होता, म्हणजे दोन टप्प्यांच्या नो-बॉलनंतरही फ्री हिट मिळणार होती.

तिचे स्वरूप समजावण्यासाठी मी खडू घेतला आणि एक प्रत्यक्ष षटक फरशीवर लिहिले. 23 ऑक्टोबर 2022, मेलबर्न, ट्वेंटी-20 विश्वचषक, भारत आणि पाकिस्तान. शेवटचे षटक, गोलंदाज मोहम्मद नवाझ. भारताला सहा चेंडूंत सोळा धावा हव्या होत्या. सामना या मुलांनी पाहिलेला होता, पण हे षटक त्यांनी कधी हिशेबाने पाहिले नव्हते. मी एका बाजूला ‘हव्या’ आणि दुसऱ्या बाजूला ‘उरले’ असे लिहिले आणि आकडे त्यांना सांगायला लावले.

पहिल्या चेंडूवर हार्दिक पंड्या झेलबाद. सोळा हव्या, पाच उरले. दिनेश कार्तिकने एक धाव घेतली : पंधरा, चार. विराट कोहलीने दोन घेतल्या : तेरा, तीन. पुढचा चेंडू कमरेच्या उंचीचा फुलटॉस. कोहलीने तो षटकार मारला आणि पंचाने उंचीबद्दल नो-बॉल दिला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी हरकत घेतली, निर्णय कायम राहिला. “आता किती?” बहुतेकांनी “सात हव्या” सांगितले, कारण त्यांनी फक्त षटकार वजा केला. एका मुलाने सहा सांगितले. नो-बॉलची एक धाव संघाला वेगळी मिळते, आणि बॅटमधून आलेल्या सहा फलंदाजाच्या खात्यावर जातात. एकूण सात. आणि ‘उरले’ खाली तीनच राहिले, कारण नो-बॉल षटकाच्या सहांत मोजला जात नाही.

आता फ्री हिट. नवाझने टाकलेला चेंडू वाइड गेला. पाच हव्या, तीन उरले. आणि फ्री हिट? ती संपली असे आठ जणांचे मत पडले. ती संपत नाही. फ्री हिटचा चेंडू वाइड किंवा पुन्हा नो-बॉल ठरला, तर तो हक्क पुढच्या चेंडूवर जातो. पुढचा चेंडू कोहलीच्या यष्ट्यांवर आदळला. येथे मी खडू खाली ठेवला. यष्ट्या उडाल्या आहेत, गोलंदाज हात वर करतो आहे. चेंडू यष्ट्यांवर लागून थर्डमॅनच्या दिशेने दूर जात आहे आणि दोघे फलंदाज धावत आहेत. ते तीन धावा पळाले. त्या ग्राह्य धरल्या गेल्या. त्या बॅटच्या नव्हत्या, म्हणून बाय म्हणून लिहिल्या गेल्या. पाकिस्तानचे खेळाडू पंचांशी बराच वेळ बोलले. त्यांचे म्हणणे असे होते की यष्ट्यांना लागल्यावर चेंडू मृत व्हायला हवा.

चेंडू मृत होतो म्हणजे खेळ तेवढ्यापुरता थांबतो. फलंदाज बाद झाला की तो होतो. परंतु फ्री हिटवर फलंदाज त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत किंवा यष्टिचीत होत नाही. नो-बॉलवर ज्या प्रकारांनी बाद होता येते, मुख्यतः धावबाद, त्याच प्रकारांनी तो फ्री हिटवर बाद होतो. कोहली बाद झालाच नाही, म्हणून चेंडू जिवंत राहिला, म्हणून धावा घेता आल्या. हा चेंडू वाइड किंवा नो-बॉल नव्हता, तो षटकात मोजला गेला : दोन हव्या, दोन उरले. पुढे कार्तिक यष्टिचीत झाला : दोन, एक. रविचंद्रन अश्विनने लेगच्या बाजूने जाणारा चेंडू न खेळता सोडला आणि तो वाइड ठरला : एक, एक. मग त्याने मिड-ऑफवरून चेंडू उचलला आणि सामना संपला. सहा चेंडूंच्या षटकात नवाझला नऊ चेंडू टाकावे लागले. फरशीवरचे आकडे मुलांनी मोबाइलवर टिपून घेतले.

ज्या मुलाने सहा सांगितले होते त्याने आता विचारले, “आजोबा, अश्विनला दोन ऐवजी एकच रन हवा असता आणि तो वाइड पडला असता तर?” तर सामना त्या वाइडवर संपला असता आणि अश्विनला बॅट लावावीच लागली नसती. यावरून मला 2010 च्या ऑगस्टमधला डंबुल्लाचा सामना सांगावा लागला. श्रीलंकेविरुद्ध भारताची बरोबरी झालेली होती, एक धाव हवी होती, वीरेंद्र सेहवाग 99 वर होता. सूरज रणदिवने बरेच पुढे पाऊल टाकून चेंडू टाकला. सेहवागने षटकार मारला. फलकावर त्याच्या नावापुढे 99 च राहिले. नो-बॉलची एक धाव पुकार होताच जमा झाली आणि सामना तिथेच संपला. त्यानंतर बॅटने जे काही झाले ते सामना संपल्यानंतरचे होते. कोहलीच्या सहा धरल्या आणि सेहवागच्या सहा धरल्या नाहीत याचा भेद एवढाच की मेलबर्नला त्या एका धावेने सामना संपत नव्हता. तो चेंडू हेतुपुरस्सर टाकल्याबद्दल श्रीलंकेच्या मंडळाने रणदिवला एका सामन्यासाठी निलंबित केले. “म्हणजे नो-बॉल मुद्दामही टाकता येतो?” असे मुलांपैकी एकाने विचारले, तेव्हा त्या क्षणापुरते लॉर्ड्सवरचे, त्याच महिन्यातले, पैसे घेऊन टाकलेल्या नो-बॉलचे प्रकरण मी त्यांना सांगितले नाही. त्यासाठी त्यांनी आणखी काही वर्षे खेळावे.

आमच्या दुसऱ्या सामन्यात सातव्या षटकात जे घडले ते मात्र फरशीवर लिहिलेल्या षटकात नव्हते. आम्हाला नऊ चेंडूंत अकरा धावा हव्या होत्या. समोरच्या गोलंदाजाचा चेंडू दोन टप्प्यांत आला, पंचाचा हात आडवा झाला, मग डोक्यावर गोल फिरला. फलंदाज होता आमचा सर्वांत लहान, चार नंबरच्या बॅटचा. फ्री हिटच्या चेंडूवर त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू त्याच्या यष्ट्यांवर लागून पॉइंटकडे गेला. दोन्ही बेल्स खाली पडल्या. त्याने यष्ट्यांकडे पाहिले, बॅट काखेत मारली आणि मान खाली घालून तंबूकडे चालू लागला. त्याला सर्व काही माहीत होते. दोनच दिवसांपूर्वी कोहलीच्या तीन बायवर सगळ्यांत मोठा तोच हसला होता. पण यष्ट्यांचा आवाज पाठीमागून ऐकल्यावर दहा वर्षांच्या माणसाला माहीत असलेले सगळेच आठवते असे नाही.

समोरच्या संघातला पॉइंटचा मुलगा हुशार होता. त्याने चेंडू उचलला, धावत आला आणि एक यष्टी उपटून हात वर केला. बेल्स आधीच पडलेल्या असल्या तर यष्टी चेंडू धरलेल्या हाताने जमिनीतून उपटावी लागते, हे त्यालाही कोणीतरी नीट शिकवलेले होते. त्याने अपील केले आणि पंचाने बोट वर केले. धावबाद.

आमची यष्टिरक्षक तेव्हा दुसऱ्या टोकाला फलंदाजी करत होती. ती पंचाकडे गेली. तिने आवाज चढवला नाही. “सर, तो रन काढायला गेला नव्हता. आउट आहे असं समजून निघाला होता,” एवढेच ती म्हणाली. यावर कायद्यात स्वतंत्र कलम आहे, अपिलांविषयीच्या प्रकरणातले. फलंदाजाला बाद दिलेले नसताना तो बाद झाल्याच्या गैरसमजाने क्रीझ सोडून निघाला असेल, तर पंचाने स्वतः हस्तक्षेप करायचा, चेंडू मृत झाल्याचे पुकारायचे आणि फलंदाजाला परत बोलवायचे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाची परवानगी त्यासाठी लागत नाही. आणि हे पुढचा चेंडू खेळात येईपर्यंत केव्हाही करता येते. त्या तरुण पंचाने दुसऱ्या पंचाला बोलावून घेतले. ते दोघे थोडा वेळ बोलले. पॉइंटचा मुलगा उपटलेली यष्टी हातात घेऊन उभा होता आणि त्याचे प्रशिक्षक कठड्यावरून काही तरी ओरडत होते. माझ्या जागेवरून मला काही सांगण्याचा अधिकार नव्हता. मी बसून राहिलो.

पंचाने बोट मागे घेतल्याची खूण केली आणि तंबूच्या दोरीपर्यंत पोचलेल्या मुलाला हाक मारली. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने पुन्हा गार्ड घेतला. बाय काही मिळाली नाही, कारण कोणी पळालेच नव्हते. वहीत गुण लिहिणाऱ्या काकांनी माझ्याकडे वळून विचारले, “डॉक्टर, इथे काय लिहू?” फ्री हिटचा तो चेंडू वैध होता, म्हणून बिंदू, एवढेच मी सांगितले. नो-बॉलच्या एका धावेनंतर दहा हव्या होत्या, आणि आता आठ उरले.